बटाटा, सफरचंद, केळं कापल्यावर काळं का पडतं: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी: काहीही न लावता

साहित्य साधंच आहे: कुफरी ज्योती जातीचे बटाटे, शीतगृहातली डेलिशियस सफरचंदं आणि जळगावची जी-९ केळी. बटाटे आणि सफरचंदांची सालं काढली. तिन्हींच्या पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्या धारदार स्टीलच्या सुरीने कापून पांढऱ्या ताटलीत ठेवल्या. खोलीत २६ अंश. दर पंधरा मिनिटांनी एकाच दिव्याखाली फोटो.

तिघं एकाच वाटेने काळे पडत नाहीत, हे पहिल्याच दिवशी दिसलं. बटाटा आधी गुलाबीसर झाला, मग वीटकरी आणि दोनेक तासांत राखाडी-काळपट. सफरचंदाला गुलाबी टप्पाच नाही, ते थेट पिवळट-तपकिरी होतं. केळ्याच्या चकतीला तासभर फारसं काही झालं नाही. पण त्याच चकतीचा कोपरा काट्याने ठेचला, तर तो भाग पंधरा मिनिटांत मळकट झाला.

तिन्हीकडे एन्झाइम एकाच घराण्याचं आहे: पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, पुढे नुसतं पीपीओ. त्याच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू असतात आणि ऑक्सिजन तिथेच धरला जातो. अखंड पेशीत पीपीओ एका कप्प्यात आणि ज्यांच्यावर ते काम करतं ती फिनॉलं दुसऱ्या कप्प्यात, रसाच्या पिशवीत, असतात. सुरी फिरली की कप्पे फुटतात आणि दोघांची गाठ पडते. फिनॉलचं क्विनोन होतं आणि क्विनोनं एकमेकांना नि प्रथिनांना चिकटून तपकिरी साखळ्या बनतात. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: एन्झाइमचं काम क्विनोनपाशी संपतं. रंग त्यानंतर आपोआप चढतो. पुढच्या उपायांपैकी काही एन्झाइमला अडवतात आणि काही क्विनोनला, म्हणून प्रत्येकाचं अपयशही निराळं दिसतं.

रंगातला फरक कच्च्या मालाचा आहे. बटाट्यात टायरोसिन मुबलक असतं. त्यापासून आधी डोपाक्रोम हा नारिंगी-लाल पदार्थ बनतो आणि मग काळं मेलॅनिन, म्हणून आधी गुलाबी. सफरचंदात मुख्यतः क्लोरोजेनिक ॲसिड आणि कॅटेचिनं. केळ्यात डोपामाइन, तेच जे मेंदूच्या संदर्भात ऐकायला मिळतं.

४ फेब्रुवारी: विळी

सफरचंदाचा एक तुकडा जुन्या लोखंडी विळीवर चिरला. पात्याच्या ओळीत निळसर-काळी रेघ लगेच उमटली, तपकिरी नव्हे. हे पीपीओचं काम नाही. पात्याचं लोखंड आणि फळातली फिनॉलं यांचा तो संयोग आहे, शाईसारखा. ही रेघ एन्झाइमच्या खात्यात धरली तर सगळी तुलना बिघडेल, म्हणून यापुढे फक्त स्टील. शिवाय पातं बोथट असलं तर ते कापण्याऐवजी चेंगरतं आणि जास्त पेशी फुटतात. किसलेला बटाटा चकतीपेक्षा कितीतरी लवकर लाल होतो तोही याचमुळे.

६ फेब्रुवारी: साधं पाणी

उपासाच्या खिसासाठी बटाटा पाण्यात किसायची पद्धत घरोघरी आहे. तिचं कारण ऑक्सिजन. हवेत तो सुमारे एकवीस टक्के असतो. खोलीच्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात मात्र जेमतेम आठ मिलिग्रॅम विरघळलेला असतो आणि पाण्यातून तो सरकतोही फार मंद. बटाट्याच्या चकत्या पाण्याखाली दोन तास जवळपास जशाच्या तशा राहिल्या. बाहेर काढून ठेवल्यावर अर्ध्या तासात गुलाबी. म्हणजे पाण्याने काहीच मारलं नव्हतं, फक्त दार लावलं होतं. वरवर फुटलेल्या पेशींचा रस धुऊन जातो एवढाच काय तो टिकाऊ फायदा.

सफरचंदावर हा उपाय अर्धाच चालतो आणि त्याचं कारण गमतीचं आहे. बटाटा पाण्यात बुडतो, सफरचंद तरंगतं. सफरचंदाच्या गरात पेशींच्या मधे हवेच्या पोकळ्या असतात, आकारमानाचा जवळपास चौथा हिस्सा. त्यामुळे फोडीची वरची बाजू पाण्याबाहेर राहते आणि तीच तपकिरी होते. वरून ताटली दाबून ठेवली तर सुधारणा होते, पण आतली हवा फोडीबरोबरच पाण्याखाली जाते. मोठ्या कारखान्यात निर्वात दाबाखाली ही हवा काढून तिच्या जागी द्रावण भरतात. घरी ते जमत नाही.

केळ्याची चकती पाण्यात ठेवू नये. दहा मिनिटांत पृष्ठभाग बुळबुळीत होतो.

९ फेब्रुवारी: लिंबातलं नेमकं काय काम करतं

लिंबू पिळलं की सफरचंद पांढरं राहतं, आणि श्रेय बहुतेक वेळा क जीवनसत्त्वाला दिलं जातं. म्हणून हिशेब मांडला. मध्यम कागदी लिंबाचा रस साधारण वीस मिलिलिटर निघतो. त्यात सायट्रिक ॲसिड पाच-सहा टक्के, म्हणजे एक ग्रॅमच्या थोडं वर. क जीवनसत्त्व मात्र पाच-दहा मिलिग्रॅम, म्हणजे आम्लाच्या शंभराव्या हिश्शाइतकं. काम करत असेल तर ते आम्ल.

ताडून पाहायला तीन द्रावणं केली. पहिलं: एक लिटर पाण्यात चार लिंबांचा रस. दुसरं: एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, सपाट चमचाभर. तिसरं: एक लिटर पाण्यात चाळीस मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड, चार लिंबांत जास्तीत जास्त असेल तेवढं. सफरचंदाच्या फोडी प्रत्येकात दोन मिनिटं बुडवून निथळल्या. पहिलं आणि दुसरं बरोबरीने चाललं. तिसऱ्यातली फोड आणि काहीच न लावलेली फोड शेजारी ठेवल्यावर वेगळ्या ओळखता आल्या नाहीत.

पीपीओला पीएच पाच ते सात मानवतो. तीनच्या खाली ते जवळपास हातपाय गाळून बसतं. पाच ग्रॅमच्या सायट्रिक द्रावणाचा पीएच सुमारे २.४ येतो. शिवाय सायट्रिक ॲसिड तांब्यालाही धरतं, पण घरच्या प्रमाणात आम्लपणाचा वाटाच मोठा.

हेच द्रावण बटाट्यावर वापरलं तर निकाल फिका. बटाटाही आधी पांढरा राहिला, पण तासाभराने कडा लालसर होऊ लागल्या, तेव्हा सफरचंद अजून ठीक होतं. सफरचंदाचा गर मुळातच आंबट, पीएच साडेतीनच्या आसपास. बटाट्याचा सहा. दोन मिनिटांत आम्ल मिलिमीटरभरही आत शिरत नाही. नंतर आतला रस वर येतो आणि पृष्ठभागाचा पीएच पुन्हा चढतो. बटाट्यात तो थेट पीपीओच्या आवडीच्या जागी पोचतो, सफरचंदात नाही. म्हणून लिंबू सफरचंदाला पुरतं आणि बटाट्याला तोकडं पडतं.

१० फेब्रुवारी: धुऊन पाहिलं

कालच्या सायट्रिकमधून काढलेल्या सफरचंदाच्या फोडी वाहत्या पाण्याखाली मिनिटभर धुतल्या. वीस-पंचवीस मिनिटांत रंग चढायला लागला. दोन मिनिटांच्या आम्लाने एन्झाइम मरत नाही, नुसतं थांबतं. आंबटपणा जावा म्हणून फोडी धुणं ही सर्रास होणारी चूक आहे. चव जास्त आंबट वाटत असेल तर द्रावण सौम्य करावं, पाच ग्रॅमऐवजी तीन, पण धुऊ नये.

मीठही तपासलं: लिटरला दहा ग्रॅम. मिठातला क्लोराइड एन्झाइमच्या तांब्यापाशी अडथळा करतो आणि आम्लात त्याचा जोर वाढतो. एकट्या मिठाने सफरचंद थोडं सावरलं, चव मात्र बिघडली. तीन ग्रॅम सायट्रिक आणि पाच ग्रॅम मीठ हे जोडद्रावण बटाट्यासाठी बरं, कारण तिथे मीठ खटकत नाही.

१३ फेब्रुवारी: क जीवनसत्त्व, पण भरपूर

आता ॲस्कॉर्बिक ॲसिड लिटरला दहा ग्रॅम, म्हणजे चार दिवसांपूर्वीच्या तिसऱ्या द्रावणाच्या अडीचशे पट. सफरचंदाच्या फोडी तीन मिनिटं बुडवून झाकून बाहेर ठेवल्या. चार तास पांढऱ्या. संध्याकाळी मात्र, जवळपास एकदमच, सगळ्या फोडी तपकिरी होऊ लागल्या.

आम्लाने थांबवलेली फोड हळूहळू मळते. ही फोड आधी अजिबात मळत नाही आणि मग वेगाने मळते. फरक इथेच आहे. ॲस्कॉर्बिक ॲसिड एन्झाइमला फारसं अडवत नाही. पीपीओ आपलं काम चालूच ठेवतं, क्विनोन बनवत राहतं, आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड प्रत्येक क्विनोनला परत मूळ फिनॉल करून ठेवतं. यात ते स्वतः खर्ची पडतं. गंगाजळी असेपर्यंत पांढरं, संपली की तपकिरी. म्हणून इथे प्रमाण ठरवताना "किती रंग हवा" असं न विचारता "किती तास हवेत" असं विचारायचं.

दोन अडचणी आल्या. पहिल्या खेपेला औषधाच्या दुकानातल्या पाचशे मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या वापरल्या. सगळ्या फोडी नारिंगी झाल्या. त्या गोळ्यांत रंग, साखर आणि संत्र्याचा स्वाद असतो, शिवाय बरंचसं क जीवनसत्त्व सोडियमच्या क्षाररूपात असतं, त्यामुळे आम्लपणाही कमी मिळतो. शुद्ध पूडच हवी. दुसरी खेप तांब्याच्या पातेल्यात कालवली होती आणि दुपारपर्यंत तिचा दम गेला. तांब्याच्या संपर्कात हवेतला ऑक्सिजन ॲस्कॉर्बिक ॲसिडला झपाट्याने खाऊन टाकतो. काच किंवा स्टील घ्यावं, आणि द्रावण ज्या दिवशीचं त्याच दिवशी वापरावं.

१७ फेब्रुवारी: दोन्ही एकत्र

एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम ॲस्कॉर्बिक, पाच ग्रॅम सायट्रिक. आम्ल एन्झाइमचा वेग कमी करतं, त्यामुळे ॲस्कॉर्बिकचा साठा हळू संपतो. डबा झाकून फ्रिजमध्ये ठेवल्यावर सफरचंदाच्या फोडी दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात देण्याजोग्या होत्या. नुसत्या फ्रिजवर मात्र विसंबू नये. चार अंशावर पीपीओ मंदावतं, झोपत नाही.

बाजारातल्या कापलेल्या सफरचंदांच्या पाकिटांसाठी कॅल्शियम ॲस्कॉर्बेट वापरतात. त्यात आंबटपणा नसतो आणि कॅल्शियममुळे फोड करकरीत राहते. आमच्या मिश्रणात फोडी दुसऱ्या दिवशी किंचित मऊ लागल्या, ती उणीव कॅल्शियमचीच.

जाता जाता एक पडताळा. नुकती पिवळट व्हायला लागलेली फोड या द्रावणात टाकली तर रंग बराचसा उतरतो, कारण सुट्या क्विनोनांना परत फिरवता येतं. तीन तासांपूर्वी तपकिरी झालेली फोड टाकली तर काहीच होत नाही. साखळ्या बांधून झालेल्या असतात.

पोटॅशियम मेटाबायसल्फाइट या सगळ्यांपेक्षा जोरदार आहे, क्विनोनलाही बांधतं आणि एन्झाइमलाही निकामी करतं. सरबतांच्या टिकाऊपणासाठी ते घरात असतंही. पण दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने झटका येतो. अमेरिकेत १९८६ मध्ये कच्च्या खायच्या फळभाज्यांवर त्याला बंदी आली ती याचमुळे. यादीतून काढलं.

२१ फेब्रुवारी: उष्णता

एन्झाइम खरोखर मारायचं तर तापवणं. बटाट्याच्या पाच मिलिमीटरच्या शंभर ग्रॅम चकत्या एक लिटर उकळत्या पाण्यात टाकल्या, पुन्हा उकळी आल्यापासून तीन मिनिटं ठेवून गार पाण्यात काढल्या. रात्रभर उघड्या ठेवूनही गुलाबीपणा नाही.

बिघाड मुद्दाम केला. दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे दीडच मिनिट उकळून गार केले आणि मधोमध चिरले. बाहेरचा थर पारदर्शक, शिजलेला. गाभा कच्चा, पांढरा. अर्ध्या तासाने दोहोंच्या सीमेवर गडद कडं उमटलं, कच्च्या गाभ्यापेक्षाही काळं. बाहेर सत्तर-ऐंशी अंशांच्या वर एन्झाइम मेलं. आत पेशी धड राहिल्या, फक्त सुरीच्या रेषेवर फुटल्या. सीमेवर मात्र तापमान पन्नास-साठच्या पट्ट्यात थांबलं, तिथे पेशींची आवरणं ढासळली आणि पीपीओ जिवंत राहिलं. अर्धवट उकळणं हे न उकळण्यापेक्षा वाईट, ते या कड्यात दिसतं. कोमट पाण्यात भिजवत ठेवण्याचाही तोच दोष.

२५ फेब्रुवारी: तुरटी, आणि उकडलेल्या बटाट्याचा राखाडी डाग

वेफर्सच्या वाळवणाचे दिवस जवळ आले, म्हणून तुरटी. रीत अशी: काप पाण्यात पाडायचे, दोनतीनदा पाणी बदलायचं, मग दहा लिटर पाण्याला सुपारीएवढा तुरटीचा खडा फिरवून त्यात रात्रभर ठेवायचे. सकाळी मिठाच्या उकळत्या पाण्यात नख रुतेल इतके शिजवून उन्हात. आमचा खडा आठ ग्रॅमचा होता. मऊ पाण्यात त्याने पीएच चारच्या आसपास येतो, एवढ्याने पीपीओ मंदावतं पण थांबत नाही. बोअरच्या जड पाण्यात तर पांढुरकं गढूळ झालं आणि आम्लपणाचा बराच भाग पाण्यातल्या क्षारांनीच खाल्ला. वेफर्स पांढरे राहतात ते सकाळच्या उकळीमुळे, असं आमचं मत. तुरटीतलं ॲल्युमिनियम पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला आवळून काप मोडू देत नाही, हे तिचं खरं काम.

आता एक फसवा प्रकार. सालीसकट उकडलेला बटाटा सोलून ठेवला की तासाभरात कधीकधी निळसर-राखाडी होतो, विशेषतः वेलीला जोडलेल्या टोकाकडे. एन्झाइम तर केव्हाच मेलेलं. इथे लोह आणि क्लोरोजेनिक ॲसिड एकत्र येतात. गार होताना हवा लागली की लोहाचं रूप बदलतं आणि रंग दिसू लागतो. ओळखायची खूण: डागावर लिंबाचा थेंब टाकावा. निळसर छटा फिकी होते, कारण सायट्रिक ॲसिड लोह काढून घेतं. पीपीओचा तपकिरी डाग लिंबाला दाद देत नाही. असे बटाटे निघाले तर शिजत आल्यावर पाण्यात थोडं लिंबू पिळावं. सुरुवातीला पिळू नये, आम्लात बटाटा लवकर मऊ होत नाही.

२७ फेब्रुवारी: न काळवंडणारं सफरचंद

कॅनडातल्या एका कंपनीचं आर्क्टिक सफरचंद २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यात पीपीओची जनुकंच मूक केलेली आहेत. बाकी फिनॉलं, हवा, सुरी सगळं तेच, तरी फोड पांढरी राहते. आमच्या सगळ्या द्रावणांपेक्षा स्वच्छ पुरावा हा.

२ मार्च: केळं

सर्वांत अवघड गिऱ्हाईक शेवटी. भिजवता येत नाही, लिंबाचा आंबटपणा पचत नाही, उकळायचं तर प्रश्नच नाही. जमलं ते असं: पन्नास मिलिलिटर पाण्यात अर्धा ग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड, फवारणीच्या बाटलीत भरून चकतीच्या दोन्ही बाजूंना हलका फवारा. फ्रूट सॅलडमध्ये तीन तास रंग टिकला. चकत्या जाड, सेंटिमीटरभर ठेवाव्यात आणि ढवळताना चमचा कमी फिरवावा. ठेचलेल्या कडांवर फवारा असूनही डाग आले. एवढा रस एकदम बाहेर आला की साठा आधी तिथेच संपतो.

शिकरणात केळं त्या मानाने बरं राहतं, कारण काप दुधाखाली असतात. वर डोकावणारे तेवढे काळवंडतात. कुस्करून केलेलं शिकरण मात्र लवकर मळकट होतं.

अख्खं केळं फ्रिजमध्ये ठेवलं की साल काळी होते. तेरा अंशांच्या खाली सालीच्या पेशींची आवरणं थंडीने फाटतात आणि कप्पे आपोआप एक होतात, सुरी न लावता. आमचं केळं दोन दिवसांत कोळशासारखं झालं. सोललं तेव्हा आतला गर पांढरा आणि घट्ट होता.